स्नेहसंमेलनाची रंगत : कार्यक्रमांचा क्रम कसा लावावा

शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणता वर्ग काय सादर करणार हे दिवाळीच्या सुट्टीनंतर लवकरच ठरते. गाणी निवडली जातात, नाच बसवले जातात, ड्रेपरीवाल्याकडे मापे जातात. या सगळ्यांचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी रंगीत तालमीच्या तोंडावर, घाईघाईत लागतो. सोपा मार्ग म्हणून आधी सगळी भाषणे आणि बक्षिसे उरकली जातात आणि मग बालवाडीपासून दहावीपर्यंत इयत्तांच्या चढत्या क्रमाने नाच ठेवले जातात. असा कार्यक्रम दोन तासांचा असला तरी चार तासांचा वाटतो. तीच सोळा सादरीकरणे, तीच मुले आणि तीच गाणी वेगळ्या क्रमाने आली, तर प्रेक्षक शेवटपर्यंत खुर्चीत बसून राहतात.

याचे कारण साधे आहे. प्रेक्षक कुठलाही नाच सुटा पाहत नाहीत; नुकतेच जे पाहिले त्याच्या पाठोपाठ पाहतात. चांगले बसवलेले कोळीनृत्य दुसऱ्या दोन दणदणीत नाचांनंतर आले की फिके पडते आणि शांत बासरीनंतर आले की उठून दिसते. म्हणून क्रम लावताना एकेका कार्यक्रमापेक्षा दोन कार्यक्रमांमधल्या सांध्याचा विचार अधिक करावा लागतो.

रंगत तीन प्रकारची

जोरात वाजणारे गाणे म्हणजे रंगत, असा समज असतो. प्रत्यक्षात प्रेक्षक तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी गुंततात. पहिली तऱ्हा ठेक्याची : लेझीम, गोंधळ, कोळीगीत यांवर टाळ्या आणि शिट्ट्या येतात, पाय हलतात. दुसरी हशाची : भारूड, विनोदी नाटिका किंवा बालवाडीतल्या सशाची टोपी डोळ्यांवर घसरते तो क्षण. तिसरी स्तब्धतेची : मूकनाट्य, एकल गायन, बासरी किंवा मानवी मनोऱ्याचा वरचा थर चढत असताना मैदानात पसरणारी शांतता. या तिसऱ्या तऱ्हेत आवाज होत नाही म्हणून ती कमी रंगतीची समजली जाते आणि यादीत कुठेही कोंबली जाते. वास्तविक तिथे प्रेक्षकांचे लक्ष सर्वांत जास्त एकवटलेले असते.

या तिन्ही तऱ्हा वेगवेगळ्या गतीने थकवतात. ठेक्याने कान आणि हात थकतात. सलग तिसऱ्या वेगवान नाचाला टाळ्या कमी पडतात आणि ते लक्षात येताच साउंडवाला आवाज वाढवतो, त्यामुळे थकवा आणखी वाढतो. हशा लांबला की प्रेक्षक सैलावतात आणि आपापसात बोलू लागतात. स्तब्धता सात-आठ मिनिटांपलीकडे ताणली तर मागच्या रांगांमधून कुजबुज सुरू होते. मात्र एका तऱ्हेने आलेला थकवा दुसऱ्या तऱ्हेने उतरतो. त्यामुळे चढ-उतार म्हणजे मुद्दाम एखादा कंटाळवाणा कार्यक्रम मध्ये घालणे नव्हे; गुंतण्याची तऱ्हा बदलली की प्रेक्षकांना विसावा मिळतो.

महाराष्ट्राच्या लोकरंगभूमीला ही गोष्ट जुनी आहे. तमाशात आधी गण म्हणजे देवाची आळवणी येते, मग गवळणीत नाच आणि थट्टामस्करी, बतावणीत निखळ विनोद आणि त्यानंतर लांबलचक वग. कथा ऐकण्यासाठी लागणारा धीर प्रेक्षकांत आधी तयार केला जातो आणि मगच कथा सुरू होते. शाळेची पंधरा मिनिटांची नाटिका तिसऱ्याच क्रमांकावर आली की ती का पडते, याचे उत्तर या रचनेत मिळते.

चिठ्ठ्यांची पद्धत

वहीत ओळीने लिहिलेला क्रम बदलायला जड जातो. त्यापेक्षा प्रत्येक सादरीकरणासाठी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची एक चिठ्ठी करून त्या मोठ्या टेबलावर मांडणे सोयीचे असते. चिठ्ठीवर पाच गोष्टी पुरतात : नाव आणि इयत्ता, तालमीत घड्याळ लावून मोजलेली मिनिटे, रंगतीची तऱ्हा आणि तिची पातळी, रंगमंचाची गरज आणि एकापेक्षा जास्त कार्यक्रमांत असलेल्या मुलांची नावे.

मिनिटे अंदाजाने लिहू नयेत. चित्रपटातले मूळ गाणे साधारण साडेचार-पाच मिनिटांचे असते आणि शाळेतला समूहनाच साडेतीन-चार मिनिटांनंतर स्वतःलाच पुन्हा सांगू लागतो. एक कडवे किंवा मधला वाद्यवृंदाचा तुकडा कापून ट्रॅक नव्याने तयार करायचा असेल तर तो नाच बसवण्याआधी करावा. शेवटच्या आठवड्यात गाणे कापले की मुलांची मोजणी चुकते.

पातळी एक ते पाच अशी धरावी. ती गाण्याच्या लयीवरून ठरवता येत नाही. चाळीस मुलांनी केलेला मध्यम लयीचा शेतकरी नाच चारवर जातो, तर सहा मुलांनी मोठ्या रंगमंचावर केलेला वेगवान नाच दोनवर राहतो. हा आकडा नाच बसवणाऱ्या शिक्षकाने देऊ नये, कारण प्रत्येकाला आपला नाच पाचाचाच वाटतो. तालीम प्रथमच पाहणाऱ्या दोन-तीन जणांनी तो द्यावा. हा दर्जाचा गुण नाही हेही सर्वांना सांगून ठेवावे. बासरीवादनाला एक मिळाला याचा अर्थ ते आवाजाने शांत आहे एवढाच.

रंगमंचाच्या गरजेच्या रकान्यात तीन शक्यता लिहाव्यात : पूर्ण रंगमंच, पडद्यापुढची चार फुटांची पट्टी किंवा रंगमंचासमोरचे मैदान. वरवर किरकोळ वाटणारा हा रकाना पुढे सर्वांत जास्त वेळ वाचवतो.

आधी न हलणाऱ्या गोष्टी

रंगतीचा विचार करण्याआधी काही चिठ्ठ्यांच्या जागा आपोआप ठरतात. बालवाडीची मुले रंगभूषा करून तासापेक्षा जास्त वेळ बसू शकत नाहीत. कुणी रडते, कुणी झोपते, कुणाची शेपटी निघते. म्हणून त्यांचा नाच पहिल्या अर्ध्या तासातच हवा. मात्र तो अगदी पहिला नसावा. तेव्हा पालक अजून वाहन लावत असतात आणि आपलेच मूल पाहायचे राहून गेले ही तक्रार वर्षभर पुरते.

दुसरी गोष्ट उजेडाची. महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पुरता अंधार व्हायला त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मैदानात मांडव घालून साडेपाचला सुरू होणाऱ्या कार्यक्रमात पहिला पाऊण तास रंगीत दिव्यांचा काही उपयोग नसतो. दिवट्या घेऊन नाचायचा गोंधळ, एका प्रकाशझोतात होणारे मूकनाट्य किंवा सावल्यांचा खेळ साडेसहाच्या पुढे ढकलावा. कवायत, मनोरे, शेतकरी नाच हे दिवसाउजेडीही तितकेच चांगले दिसतात.

तिसरी गोष्ट कपड्यांची. झटपट वरून अंगरखा चढवायचा असेल तर दहा मिनिटे पुरतात. नऊवारी, दागिने आणि खोपा असेल, आणि नेसवायला दोनच बाया असतील, तर सहा मुलींना पाऊण तास लागतो. दोन कार्यक्रमांत असलेल्या मुलांची नावे चिठ्ठीवर लिहिलेली असली की अशा अडचणी टेबलावरच दिसतात. तसे केले नाही तर त्या विंगेत दिसतात, आणि तोवर पडदा पडलेला असतो.

चौथी गोष्ट समारंभाची. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल, पाहुण्यांचे भाषण, बक्षिसे आणि आभार हे सगळे मिळून सहज पाऊण तासाचे होते. ते एकगठ्ठा सुरुवातीला ठेवले की पहिला नाच येईपर्यंत मुले चुळबुळत असतात आणि पालक फोन काढून बसतात. त्याचे तीन-चार तुकडे करून ते कार्यक्रमांत पेरले, तर तेच तुकडे विसाव्याची आणि रंगमंच बदलण्याची जागा होतात.

सांधे कसे जुळवावेत

आता उरलेल्या चिठ्ठ्या हलवायला घ्याव्यात. सलग दोन वेगवान नाच चालतात, तिसरा टाळावा. दोन नाच शेजारी आलेच तर त्यांत निदान एक गोष्ट वेगळी असावी : एक लहान मुलांचा आणि दुसरा मोठ्यांचा, किंवा एक ढोलकीवरचा आणि दुसरा संबळावरचा. सारख्या रंगाचे कपडे आणि सारखी चाल असलेले दोन नाच पाठोपाठ आले की पालकांच्या आठवणीत त्यांचा एकच नाच होतो.

शांत कार्यक्रम जोरदार कार्यक्रमानंतर चांगला बसतो, पण लगेच नाही. टाळ्या शमायला आणि डोळे स्थिर व्हायला अर्धे मिनिट लागते. निवेदकाने हळू आवाजात सांगितलेली दोन वाक्ये हे काम करतात. हशानंतर मात्र शांत एकल गायन ठेवू नये. प्रेक्षक अजून मागचा विनोद एकमेकांना सांगत असतात आणि गाणाऱ्या मुलीचा पहिला आलाप त्यात बुडतो. हशानंतर मध्यम किंवा वेगवान नाच घ्यावा.

सर्वांत नाजूक सांधा दुःखाचा. शहीद जवानाच्या आईवरची किंवा शेतकऱ्याच्या कर्जावरची नाटिका संपते तेव्हा पुढच्या रांगांत डोळे पुसले जात असतात. त्यावर लगेच धमाल कोळीगीत सुरू झाले तर आधीच्या मुलांची मेहनत पुसली जाते आणि नंतरचा नाचही विचित्र वाटतो. अशा सादरीकरणानंतर ओवी, भजन किंवा संथ समूहगीत ठेवावे आणि तिथून पुन्हा चढ घ्यावा. दोन दुःखी नाटिका असतील तर त्या एकाच अर्ध्या तासात आणू नयेत.

सुरुवातीचा पहिला नाच चारच्या पातळीचा असावा, पाचच्या नव्हे. त्या वेळी निम्मी गर्दी जागा शोधत असते आणि ध्वनीची जुळवाजुळव चालू असते. त्यामुळे माइकवर अवलंबून असलेला संवादाचा कार्यक्रमही इथे टाळावा. ट्रॅकवरचा समूहनाच सुरक्षित असतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून विसाव्याच्या पहिल्या दशकांपर्यंत व्हॉडव्हिल नावाचे संमिश्र करमणुकीचे खेळ फार लोकप्रिय होते. त्यांचे व्यवस्थापक पहिल्या क्रमांकावर बहुधा कसरतीचा किंवा प्राण्यांचा, म्हणजे शब्दांशिवायचा खेळ ठेवत. उशिरा येणाऱ्यांच्या खुर्च्यांच्या आवाजाने त्यात काही बिघडत नसे. मोठे नेपथ्य बदलायचे असेल तेव्हा पडद्यापुढे एखादा विनोदी किंवा गाण्याचा खेळ लावायचा, हीही त्यांची नेहमीची युक्ती होती.

शेवटच्या कार्यक्रमाआधी उतार हवा. सलग तीन चढांनंतर आलेला शिवराज्याभिषेक आणखी एक चढ एवढाच वाटतो. त्याआधी पाच-सात मिनिटे आवाज खाली आला, की पहिली तुतारी वाजताच मैदान ताठ बसते. आभारप्रदर्शनही शेवटच्या कार्यक्रमाच्या आधीच उरकावे. नंतर ठेवलेले आभार उठणाऱ्या पाठींना ऐकवावे लागतात.

रिकाम्या पडद्याची मिनिटे

कार्यक्रम लांबतो तो बहुतेक दोन सादरीकरणांच्या मध्ये. सोळा सादरीकरणांत पंधरा सांधे असतात. प्रत्येक सांध्यात दीड मिनिट गेले तर बावीस-तेवीस मिनिटे होतात. तीन मिनिटे गेली तर पाऊण तास. ही वाढीव बावीस मिनिटे रिकाम्या पडद्याकडे पाहण्यात जातात. रंगत उतरण्याचे हेच सर्वांत मोठे कारण असते, पण दोष मात्र संथ गाण्यांना दिला जातो.

मागच्या वर्षीचे चित्रीकरण असेल तर ते घड्याळ लावून पाहावे. टाळ्या थांबल्यापासून पुढचा पहिला सूर वाजेपर्यंत किती सेकंद गेले एवढेच लिहीत जावे. उशीर कशामुळे होतो ते लगेच दिसते. एका ठिकाणी पेनड्राइव्हवर गाणे सापडत नाही, दुसऱ्या ठिकाणी मुले चुकीच्या विंगेत उभी असतात, तिसरीकडे नाटकातले टेबल बाहेर काढायला दोनच जण असतात. ट्रॅकना क्रमांक देऊन ते एकाच पेनड्राइव्हवर क्रमाने ठेवणे, पुढचा गट नेहमी डाव्या विंगेत तयार ठेवून आधीचा गट उजवीकडून बाहेर काढणे आणि सामान हलवायला चार थोरली मुले नेमणे, एवढ्याने बरेच भागते.

उरलेली पोकळी क्रमानेच झाकायची असते. पूर्ण रंगमंच लागणारे दोन जड कार्यक्रम शेजारी आले की मध्ये अंधार पडतो. त्यांच्यामध्ये पडद्यापुढचा एखादा कार्यक्रम बसवला तर मागे शांतपणे सामान लावता येते. बक्षीस वितरण यासाठी फार उपयोगी. प्रत्येक नाव पुकारून मुलाला मैदानातून वर बोलावले तर एका बक्षिसाला वीस-पंचवीस सेकंद जातात आणि साठ बक्षिसे पाव तासाऐवजी पंचवीस मिनिटे घेतात. विजेत्यांना आधीच रांगेत उभे करून पडद्यापुढे एका बाजूने आणले आणि दुसऱ्या बाजूने उतरवले, तर तेच काम पाव तासात होते आणि मागे नाटिकेचे घर उभे राहते.

एक उदाहरण

तालुक्याच्या गावातली बालवाडी ते दहावीची एक शाळा घेऊ. मैदानात मांडव आहे, कार्यक्रम साडेपाचला सुरू होणार आहे. सोळा सादरीकरणे मिळून ८८ मिनिटांची आहेत, समारंभाचे भाग ४३ मिनिटांचे आणि सांध्यांसाठी सुमारे २४ मिनिटे धरली आहेत. एकूण २ तास ३५ मिनिटे.

इयत्तेच्या क्रमाने लावलेल्या पहिल्या यादीत सव्वासहापर्यंत फक्त भाषणे आणि बक्षिसे होती. त्यानंतर बालवाडी, दुसरी-तिसरी आणि चौथी यांचे तीन नाच सलग आले. सहावीचे भारूड, सातवीचे कोळीनृत्य आणि आठवीची लेझीम पाठोपाठ आली. नववीच्या नाटिकेनंतर दहावीचा गोंधळ आणि दहावीचाच चित्रपटगीतावरचा नाच शेजारी पडले. त्या दोन्हींत चार मुली सामाईक होत्या आणि एकीकडे नऊवारी, दुसरीकडे घागरे होते.

चिठ्ठ्या हलवून हा क्रम चार टप्प्यांत बसवला. पहिल्या टप्प्यात ईशस्तवन, दीपप्रज्वलनासह दहा मिनिटांचे स्वागत आणि स्वागतगीत. पावणेसहाच्या सुमारास चौथीचा शेतकरी नाच, त्यानंतर बालवाडी आणि मग मुलांचे मानवी मनोरे. तिन्हींची पातळी चार आहे, पण पहिला ठेक्याचा, दुसरा हशाचा आणि तिसरा श्वास रोखून पाहायचा. तिन्ही दिवसाउजेडी होणारे. सहा वाजून पाच मिनिटांनी अहवाल आणि पाहुण्यांचे भाषण, मिळून पंधरा मिनिटे. तोवर मांडव भरलेला असतो आणि प्रेक्षकांनी तीन कार्यक्रम पाहिलेले असल्याने ते ऐकायला तयार असतात. याच वेळात बालवाडीच्या मुलांचे कपडे बदलले जातात आणि भाषण संपताच ती वर्गखोलीतून पालकांच्या स्वाधीन केली जातात. त्यामुळे एखाद्या सादरीकरणाच्या मध्येच पालक उठून जात नाहीत.

दुसरा टप्पा अंधार पडताना सुरू होतो. भाषणानंतर आलेली मरगळ झटकायला सातवीचे कोळीनृत्य, पातळी पाच. लगेच उतार : पाचवीचे पावसाच्या गाण्यांचे समूहगायन, पातळी दोन. मग दुसरी-तिसरीचा नाच आणि सात मिनिटांचे भारूड. भारुडाच्या हशानंतर नाच ठेवणे बरे असते, पण इथे मूकनाट्य आले आहे. त्यासाठी निवेदनाचे एक मिनिट राखून ठेवले आणि मांडवातले सगळे दिवे मालवून एकच झोत ठेवला. अंधाराने हशा पटकन ओसरतो, म्हणून हा सांधा चालतो. त्या सात मिनिटांच्या शांततेवर दहावीच्या गोंधळाचा संबळ वाजतो. सात वाजले आहेत आणि पहिले मोठे शिखर गाठले गेले आहे.

तिसऱ्या टप्प्यात पडद्यापुढे पंधरा मिनिटे बक्षीस वितरण आणि त्यानंतर नववीची विनोदी नाटिका. शिखरानंतर बक्षिसांचा उतार पचतो, कारण टाळ्यांना निमित्त मिळत राहते आणि घरोघरची मुले समोर येत असतात. गोंधळातल्या चार मुलींना मात्र या दोन कार्यक्रमांमुळे कपडे बदलायला जवळजवळ चाळीस मिनिटे मिळाली.

चौथ्या टप्प्याची सुरुवात साडेसातनंतर आठवीच्या लेझमीने होते, आणि ती रंगमंचावर न होता समोरच्या मैदानात होते. पडद्याआड नाटिकेचे घर उतरवले जात असते. प्रेक्षकांना माना वळवाव्या लागतात, मागच्या रांगा उभ्या राहतात आणि दोन तासांची बैठक मोडते. लगेच रंगमंचावर दहावीचा चित्रपटगीतावरचा नाच. हे दोन चढ सलग आहेत, तिसरा येत नाही. पडदा पडतो, पडद्यापुढे एक मुलगा चार मिनिटे बासरी वाजवतो आणि तीन मिनिटांत आभार मानले जातात. मागे सिंहासन, छत्र आणि तोरणे लागतात. आठला पाच मिनिटे असताना पोवाड्यासह सातवी आणि नववीचा शिवराज्याभिषेक, आणि पाच-सात मिनिटे पुढेमागे धरून आठनंतर लगेच वंदे मातरम्.

या क्रमालाही मर्यादा आहेत. ज्यांची मुले पहिल्या टप्प्यात नाचली ते सगळेच पालक शेवटपर्यंत थांबत नाहीत. प्रत्येक टप्प्यात लहान आणि मोठ्या वर्गांची मिसळ ठेवली, तर भावंडांमुळे बरीच कुटुंबे थांबतात, एवढेच क्रमाच्या हाती असते. पावसाच्या गाण्यांपेक्षा दुसरी-तिसरीचा नाच आधी हवा होता, असेही कुणी म्हणेल आणि त्यात तथ्य असेल. एक चिठ्ठी हलली की तिच्या दोन्ही बाजूंचे सांधे पुन्हा तपासावे लागतात.

प्रत्यक्ष संध्याकाळी

क्रम ठरल्यावरच निवेदन लिहावे, कारण निवेदकाचे वाक्य दोन विशिष्ट कार्यक्रमांना जोडते. ते तीस-चाळीस सेकंदांचे पुरे. दर वेळी टाळ्या मागितल्या की टाळ्यांची किंमत उतरते. रंगीत तालीम अंतिम क्रमानेच, कपड्यांसह आणि मध्ये न थांबता घ्यावी. इयत्तावार घेतलेल्या तालमीत एकही सांधा तपासला जात नाही.

तरीही काही ना काही बिघडते. पाहुणे अर्धा तास उशिरा येतात, एखाद्या गटाचे कपडे पोचत नाहीत, वीज जाते. चार टप्प्यांची रचना इथे कामाला येते, कारण फेरबदल त्या टप्प्याच्या आतच करायचे असतात. पाहुणे आले नसतील तर भाषण दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी, बक्षिसांना जोडून घेता येते आणि कोळीनृत्य पुढे सरकते. पडद्यापुढे करता येतील अशी दोन राखीव सादरीकरणे, उदाहरणार्थ कवितावाचन आणि पक्ष्यांचे आवाज, तयार ठेवावीत. त्यांना माइकशिवाय काहीच लागू नये. वीज गेल्यास तोही नसला तरी चालेल असे एखादे असावे. छापील पत्रिकेत त्यांची नावे घालू नयेत, म्हणजे ती वगळली तरी कुणाचे मन दुखत नाही.

वेळेवर लक्ष ठेवायला चार ठिकाणची घड्याळाची वेळ पुरते : भाषण ६.०५, कोळीनृत्य ६.२१, बक्षिसे ७.०२, लेझीम ७.३४. एखाद्या ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशीर झालेला दिसला तर वेळ कापायचा तो भाषणातून आणि बक्षिसांतून. महिनाभर तालीम केलेल्या मुलांचा कार्यक्रम वगळणे किंवा मध्येच थांबवणे हा उपाय नव्हे. उघड्या मैदानात रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावायला ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे उशिराला शेवटी कायद्याचीच सीमा पडते.

रंगत उतरते आहे हे मांडवाच्या मागच्या बाजूला उभे राहिले की कळते. खुर्च्यांच्या कडेने मुले धावू लागतात, फोनचे उजेड वाढतात, लोक उभे राहून गप्पा मारतात. नाच संपण्याआधीच टाळ्या सुरू झाल्या तर तो लांबला आहे. मुले विंगेत पोचण्याआधीच टाळ्या थांबल्या तर त्याच तऱ्हेचा कार्यक्रम नुकताच होऊन गेला आहे. मागे उभ्या राहणाऱ्या एका शिक्षकाने अशा खुणा क्रमपत्रिकेवर त्या त्या कार्यक्रमासमोर टिपून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या मांडताना पातळीचे आकडे अंदाजाऐवजी या टिपणांवरून देता येतात.